आजीचा डावा कान

आमच्या इंदूरच्या घरात बैठकीच्या भिंतीवर आजीचा फोटो लावला, तेव्हा थंडीचे दिवस होते. फोटो छान होता. तिच्या पंच्याहत्तरीला खिडकीजवळ बसवून चुलतभावाने मोबाईलवर काढलेला. डोळ्यांत हसू, कानात मोत्याच्या कुड्या, तेल लावून मागे घट्ट बांधलेले पांढरे केस. सगळ्यांना आवडला. आबा मात्र रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या फोटोसमोर थोडा वेळ उभे राहायचे आणि एक दिवस म्हणाले, "हिचे कान उघडे आहेत गं. थंडी वाजत असेल."

तुमच्या घरातही अशी एखादी आजी असेल, जी दिवाळी संपली की स्कार्फ बांधायची आणि होळीपर्यंत सोडायची नाही. "कानाला वारा लागतो" हे तिचं एकमेव कारण. आमच्या आजीचा स्कार्फ मरून रंगाचा, सुती, पांढऱ्या बारीक ठिपक्यांचा. धुऊन धुऊन इतका मऊ झालेला, की हातात घेतला तर पाण्यासारखा खाली घरंगळायचा. पण तिचा स्कार्फ बांधलेला एकही फोटो आमच्याकडे नाही. कारण प्रत्येक फोटोच्या वेळी आम्ही सगळे ओरडायचो, "आजी, स्कार्फ काढ ना!" आणि ती काढायची. पंच्याहत्तरीच्या फोटोतही तो तिच्या मांडीवर आहे. फ्रेम करताना आम्ही तो भाग कापून टाकला.

मी ठरवलं, तो स्कार्फ तिच्या डोक्यावर परत घालायचा. मी चित्रकार नाही. इंग्रजीत बीए केलं आणि दिवसभर लोकांसाठी मजकूर लिहिते. पण कॉलेजपासून टॅबलेटवर चित्रं काढायची सवय आहे. वाटलं, एका संध्याकाळचं काम. त्याला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत डोक्यावरच्या कापडाबद्दल जे कळलं, ते तुम्हाला सांगायचं आहे.

पहिल्या दिवशी मी सोपा मार्ग धरला. स्कार्फ पलंगावर पसरून त्याचा फोटो काढला, आजीच्या फोटोवर ठेवला, ताणून-वाकवून केसांच्या आकारात बसवला आणि जास्तीचं पुसून टाकलं. दुरून ठीक वाटलं. जवळून पाहिलं, तर आजीच्या डोक्यावर कुणीतरी स्टिकर चिकटवल्यासारखं दिसत होतं. शिवाय आजी एकदम लहान डोक्याची वाटत होती, आणि ते का, हे मला दोन दिवस कळलं नाही.

मग लक्षात आलं. मी स्कार्फ केसांच्या कडेच्या आत भरला होता. खऱ्या आयुष्यात कवटीवर केस असतात आणि केसांवर कापड असतं. म्हणजे स्कार्फची बाहेरची रेघ केसांच्या रेघेच्याही बाहेर जायला हवी, मागची भिंत थोडी झाकून. आजीचे केस चप्पट होते, तरी कापडाचे दोन थर आणि त्याखाली अडकलेली थोडी हवा धरून डोकं जरासं मोठं दिसायलाच हवं. मागे अंबाडा होता, तिथे कापड आणखी उचललं जाणार. मी केसांच्या रेघेबाहेर एक नवीन रेघ काढली. डोक्याच्या वर थोडीच जागा सोडली, अंबाड्याकडे जास्त. एवढ्यानेच आजीचं डोकं पुन्हा तिचं झालं.

दुसरी चूक चुण्यांची होती. पलंगावरच्या स्कार्फला चुण्याच नव्हत्या, म्हणून मी त्या मनाने काढल्या. इकडे एक, तिकडे दोन, जिथे जागा रिकामी वाटली तिथे. परिणाम असा झाला की स्कार्फ चुरगळलेल्या कागदासारखा दिसू लागला. तेव्हा मी हार मानली आणि आईला हाक मारली.

आईला खिडकीजवळ त्याच खुर्चीत बसवलं. फोटोत उजेड आपल्या डाव्या हाताच्या खिडकीतून येतो आणि आजीचा चेहरा थोडासा खिडकीकडे वळलेला आहे, म्हणून तिचा डावा कान आपल्याला पूर्ण दिसतो आणि उजवा जवळजवळ दिसतच नाही. आईलाही तसंच वळवलं. कपाटातून आजीचा स्कार्फ काढला. त्याला अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास होता. आई क्षणभर तो हातात धरून बसली, मग काही न बोलता बांधायला लागली.

ती बांधत असताना मला खरी गोष्ट दिसली. चुणी कापडात नसतेच. कापड कुठे टेकलं आहे आणि कुठून ओढलं गेलं आहे, या दोन जागांच्या मध्ये ती तयार होते. आईच्या डोक्यावर कापड वरच्या गोलाईवर टेकलं होतं, मागे केसांवर टेकलं होतं आणि कानांवर टेकलं होतं. आणि ते ओढलं जात होतं एकाच ठिकाणी, हनुवटीखालच्या गाठीत. आईने गाठ सैल केली, की गालाजवळच्या चुण्या गायब. घट्ट केली, की त्याच जागी पुन्हा हजर. मी आठ-दहा फोटो काढले, थोडे गाठ सैल ठेवून, थोडे घट्ट करून.

आता कपाळाकडे या. मी मनाने काढताना कपाळावर सगळ्यात जास्त चुण्या काढल्या होत्या. आईच्या कपाळावर एकही नव्हती. याचं कारण शिवणकाम करणाऱ्या कुणालाही ठाऊक असेल. चौकोनी स्कार्फ आपण कोपऱ्याला कोपरा जुळवून त्रिकोणी घडी घालतो. कपाळावर येते ती त्या घडीची लांब बाजू. आजीचा स्कार्फ 90 सेंटीमीटरचा आहे, त्रिकोण केला की ही बाजू साधारण 127 सेंटीमीटर होते. ही बाजू कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्यांच्या बरोबर तिरकी असते. शिंपी याला उरेब म्हणतात. उरेब कापड ताणलं जातं, वळतं, गोलाईला चिकटून बसतं. ब्लाऊजच्या गळ्याला उरेब पट्टी लावतात ती याचसाठी. म्हणून त्रिकोणी स्कार्फ कपाळावर गुळगुळीत बसतो. तुम्ही लांब ओढणी सरळ डोक्यावर घेतलीत, तर तिचा काठ सरळ धाग्याचा असतो, तो तितका ताणला जात नाही, आणि मग कपाळाच्या बाजूंना बारीक चुण्या पडतात. म्हणजे कपाळावर चुण्या काढायच्या की नाही, हे कापडाची घडी कशी घातली आहे त्यावर ठरतं.

आणखी एक गोष्ट. तो कपाळावरचा काठ म्हणजे कापलेली कड नव्हे. ती घडी आहे. दोन थर जिथे वळतात तिथे एक गोल, मऊ वळी तयार होते, वातीसारखी. मी आधी तिथे एकच धारदार रेघ मारली होती, म्हणून स्टिकर वाटत होता. आता त्या काठावर वरून अगदी अरुंद उजळ पट्टा दिला, त्याच्या खाली मरूनचीच गडद छटा, आणि मग कपाळावर पडणारी सावली. ही सावली काठाला लागून सगळ्यात दाट असते आणि खाली येता येता लगेच विरते. तिचा रंग काळा ठेवू नका. काळी सावली त्वचेवर काजळी फासल्यासारखी दिसते. आजीच्या कपाळाचाच रंग घेऊन तो थोडा तांबूस आणि गडद केला, तेव्हा ती सावली बसली.

काठ सरळही नसतो. आजीच्या कपाळावर तो केसांच्या रेघेपासून दोन बोटं मागे असायचा, भांगाची सुरुवात दिसायची. मध्ये उंच, मग दोन्ही बाजूंना कानशिलांकडे उतरता. चेहरा वळलेला असल्यामुळे पलीकडची उतरण आखूड दिसते आणि अलीकडची लांब. हे मी डोळ्यांच्या रेषेवरून पडताळलं. दोन्ही भुवयांच्या मधून वर एक हलकी रेघ काढली, नाकाच्या दिशेने जाणारी, आणि काठाचं सगळ्यात उंच टोक त्या रेघेवर ठेवलं. आधी ते फोटोच्या मधोमध होतं, चेहऱ्याच्या मधोमध नव्हतं. म्हणून स्कार्फ तिरका बांधल्यासारखा वाटत होता.

कानाची गोष्ट वेगळी. कान झाकला, की तो चित्रातून जातो, पण कापडाखालून जात नाही. कापडाला तो बाहेर ढकलत राहतो. मी कान रंगवून टाकण्याआधी त्याच्या वरच्या टोकावर आणि पाळीवर दोन ठिपके ठेवले, वेगळ्या लेअरवर, म्हणजे नंतर शोधावा लागू नये. तुमच्या फोटोत कान केसांखाली लपलेला असेल, तर साधारण भुवईच्या उंचीपासून नाकाच्या खालच्या टोकापर्यंत तो असतो, असं धरून चाला. डोकं वर किंवा खाली झुकलेलं असेल तर हा अंदाज बदलतो, ते लक्षात ठेवा.

आईच्या कानावरून जाणारं कापड मी बराच वेळ पाहिलं. कानाच्या पुढे, कानशिलापासून गाठीपर्यंत, एक लांब चुणी होती. कानाच्या वरच्या कडेवर छोटासा उंचवटा. कानाच्या मागे खळगा, तिथे सावली. आणि गाठीपासून पंख्यासारख्या निघणाऱ्या तीन-चार आखूड चुण्या, ज्या गालावर येईपर्यंत संपतात. एवढंच. मी कानाचा आकार कापडावर काढायला गेले होते, त्याने कापड ओल्या फडक्यासारखं चिकटलेलं दिसलं. आकार पुसला, फक्त उंचवट्यावर उजेड आणि मागे सावली ठेवली, तर कान आपोआप जाणवायला लागला.

प्रत्येक चुणीला दोन कडा असतात, एक कडक आणि एक मऊ. जिथे कापड स्वतःवरच पडतं, ती कड कडक. जिथे ते गोल होऊन उतरतं, ती मऊ. माझ्या पहिल्या चुण्या दोन्ही बाजूंनी कडक होत्या, म्हणून त्या पेन्सिलीच्या रेघांसारख्या दिसत होत्या. आणि खिडकी डावीकडे आहे म्हटल्यावर प्रत्येक चुणीची डावी बाजू उजळ, उजवी गडद. एक जरी चुणी उलटी झाली तरी डोळा अडतो, मग कारण सांगता येवो किंवा न येवो.

या टप्प्यावर मी मोबाईलवर व्हरमीरचं ते प्रसिद्ध चित्र मोठं करून पाहिलं, मोत्याचं कानातलं घातलेल्या मुलीचं. साधारण 1665 सालचं, हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. तिच्या डोक्याला निळं कापड गुंडाळलेलं आहे. मला वाटलं होतं त्यात शेकडो चुण्या असतील. तसं नाही. कपाळावरचं निळं कापड म्हणजे मुख्यतः एक उजळ भाग आणि एक गडद भाग, आणि मोजक्या वळ्या. मी माझ्या चित्रातल्या निम्म्या चुण्या त्याच रात्री पुसल्या.

ठिपके सगळ्यात शेवटी. पसरलेल्या स्कार्फवरचे ठिपके उचलून चिकटवले, तर ते भिंतीच्या कागदासारखे सपाट राहतात आणि खालच्या सगळ्या चुण्यांवर पाणी फिरवतात. म्हणून एकेक हाताने टाकला. कापड आपल्यासमोर असेल तिथे गोल, डोक्याच्या कडेला वळेल तिथे लंबगोल, चुणीत शिरेल तिथे अर्धा. काठाजवळचे दोन-तीन ठिपके घडीवरून पलीकडे जाताना अर्धेच दिसतात. सावलीतल्या ठिपक्यांना पांढरं ठेवलं नाही, राखाडी-गुलाबी केलं.

दोन आठवडे झाले होते. टॅबलेट घेऊन मी आबांसमोर बसले. त्यांनी चष्मा लावला, खूप वेळ पाहिलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"स्कार्फ तिचाच आहे," ते म्हणाले. "पण ही ती नाही."

मला काय बोलावं सुचेना.

"डावा कान तिनं कधी झाकला नाही," आबा म्हणाले. "उजव्यानं तिला ऐकू येत नव्हतं. डावाही झाकला असता, तर माझं बोलणं ऐकलं कसं असतं?"

खरं सांगते, मला हे माहीतच नव्हतं. पंचवीस वर्षं मी त्या आजीला स्कार्फमध्ये पाहत होते. तिचा स्कार्फ जरा वाकडा असतो, एवढंच मला आठवत होतं. ती वाकडा बांधत नव्हती. बांधून झाल्यावर बोटाने डाव्या बाजूचं कापड कानामागे सारायची. आणि आम्ही तिच्याशी बोलताना नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायचो, हे मला त्या दिवशी कळलं. तिनेच आम्हाला तिथे बसवायची सवय लावली होती.

दुसऱ्या दिवशी आईला पुन्हा खुर्चीत बसवलं. या वेळी कापड डाव्या कानामागे सारलं. सगळं बदललं. आता काठ कपाळावरून कानशिलापर्यंत येतो, कानाच्या वरच्या टोकाशी एकदम मागे वळतो, कानामागून उतरतो आणि पाळीच्या खालून पुन्हा पुढे येऊन गाठीकडे जातो. कान आता कापडाला ढकलत नाही, अडवून धरतो. म्हणजे टेकायची जागा बदलली, आणि त्याबरोबर चुण्याही. कानाच्या पुढची ती लांब चुणी गेली. तिच्या जागी कानामागे दोन घट्ट, आखूड चुण्या आल्या, जणू कुणी तिथे चिमटा घेतला आहे. पाळीखाली कापड थोडं सैल लोंबतं, तिथे एक मोठी मऊ वळी. उजवी बाजू तशीच, घट्ट झाकलेली. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, आणि म्हणूनच ते कुणीतरी खरोखर बांधलेलं वाटतं.

सगळ्यात नाजूक काम होतं कानाची सावली. खिडकी डावीकडे, म्हणून कानाची सावली त्याच्या उजव्या बाजूला, मागच्या कापडावर पडते. ती नसेल तर कान कापडावर छापल्यासारखा दिसतो. ती दिली आणि कान बाहेर आला. मूळ फोटोतला कान मला परत मिळाला होता, मोत्याच्या कुडीसकट. आईला आधीच्या चित्रात कुडी झाकली गेली याचं मनातून वाईट वाटत होतं. ती तेव्हा बोलली नाही, आता बोलली.

शेवटी दोन बारीक गोष्टी राहिल्या. एक, केस. काठाखालून भांगाजवळचे आणि कानशिलावरचे चार-पाच पांढरे केस बाहेर काढले, काही काठाखाली, एक-दोन काठाच्या वरून गेलेले. त्याशिवाय कापड आणि केस एकमेकांना ओळखत नाहीत. पण आठ-दहा काढाल तर विस्कटलेलं दिसतं. दुसरी, धूसरपणा. मोबाईलचा फोटो मोठा केल्यामुळे आजीचा चेहरा थोडा मऊ झाला होता आणि माझा स्कार्फ त्याच्यापेक्षा कितीतरी स्पष्ट होता. नजर आधी स्कार्फवर जायची. स्कार्फला अगदी हलका धूसरपणा दिला, चेहऱ्याइतकाच, आणि फोटोवर जी बारीक रवाळ पोत होती तीही थोडी टाकली.

तपासायला मी चित्र आरशासारखं उलटं केलं. उलट्या चित्रात चुका लपत नाहीत, कारण डोळ्याला त्याची सवय झालेली नसते. माझा अंबाड्याकडचा भाग फार फुगला होता, तो तिथे सापडला. मग चित्र पासपोर्ट फोटोएवढं लहान करून पाहिलं. लहान आकारातही आधी चेहरा दिसला आणि मग स्कार्फ, तेव्हा थांबले.

हे जमलं, कारण फोटोत उजेड एका बाजूने होता. समोरून फ्लॅश मारलेला फोटो असता, तर सावल्या जवळजवळ नसत्या आणि चुण्या उथळ ठेवाव्या लागल्या असत्या. आणि स्कार्फ हाताशी नसता, तर दुसऱ्या कापडाने हे झालं नसतं. नवा, खळ असलेला सुती रुमाल आईच्या डोक्यावर बांधून पाहिला होता. त्याच्या चुण्या टोकदार पडतात, कागदाच्या होडीसारख्या. आजीच्या त्या मऊ स्कार्फसारख्या त्या पडल्याच नाहीत.

मूळ फोटो मी जपून ठेवला आहे. तो त्या दिवसाचा आहे, आणि त्या दिवशी तिने आमच्यासाठी स्कार्फ काढला होता. नवीन फोटो कधी काढला गेलाच नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. फ्रेमच्या मागे मी तसं लिहूनही ठेवलं आहे, पुढे कुणाला प्रश्न पडू नये म्हणून.

फ्रेम लावली त्या सकाळी आबा चहा घेऊन आले. नेहमीसारखे समोर उभे राहिले नाहीत. खुर्ची ओढून फोटोच्या उजव्या कडेला, आजीच्या डाव्या कानाच्या बाजूला बसले, आणि हळू आवाजात तिला काहीतरी सांगू लागले. मी स्वयंपाकघरात निघून आले.